नाव पुसले तरी पाडा ओळखतो

पुढचा मजकूर मी स्वतः रचला आहे. त्यातली मुलगी खरी नाही, परंतु नंदुरबार जिल्ह्यात काम करणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल, कारण थोड्याफार फरकाने असा मजकूर आपण अनेकदा मोबाइलवर वाचला आहे.

"धडगाव तालुक्यातल्या एका दुर्गम पाड्यावरची नऊ वर्षांची मुलगी गेल्या आठवड्यात रात्री १०८ च्या गाडीने आमच्याकडे आली. आईवडील ऊसतोडीसाठी गुजरातेत, मुलगी आजीजवळ. मोठा भाऊ याच सिकलसेलने दोन वर्षांपूर्वी गेलेला. हिमोग्लोबिन फक्त ५. आम्ही दोन पिशव्या रक्त दिले, उपचार सुरू केले आणि आज ती हसत घरी निघाली. सिकलसेलला घाबरू नका. वेळेवर या, बरे व्हा."

सोबत छायाचित्र असते. मुलीच्या डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेली, बाजूला आजी बसलेली, आणि खाली एक ओळ: 'रुग्णाची ओळख गोपनीय ठेवली आहे.'

लिहिणाऱ्या डॉक्टरच्या हेतूविषयी मला शंका नाही. रात्रभर जागून त्याने ती मुलगी सांभाळली असेल आणि दुसऱ्या एखाद्या पाड्यावरच्या आजीने असेच लवकर निघावे, एवढीच त्याची इच्छा असेल. तरीही या सात-आठ ओळींत दोन गंभीर चुका आहेत असे माझे मत आहे. ओळख लपलेली नाही, आणि 'बरे व्हा' हे खरे नाही. या दोन्ही चुका सद्हेतूने होतात, म्हणूनच त्यांच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

आधी ओळखीचे पाहू. हा मजकूर पुण्यातला माणूस वाचेल तेव्हा त्याला खरोखरच काही कळणार नाही. तोच मजकूर त्या मुलीच्या पाड्यावर पोहोचला, आणि तो पोहोचतोच, तर तिथली शेजारीण पहिल्या वाक्यातच थांबेल. समजा, पाडा चाळीस-पन्नास घरांचा आहे. रात्री गाडी आली तेव्हा तिचा दिवा सगळ्यांनी पाहिला होता. नऊ वर्षांच्या मुली पाच-सहा असतील; त्यांतली आजीजवळ राहणारी एखादी-दुसरी; आणि जिचा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला अशी एकच. डोळ्यांवरच्या पट्टीने काय साधले? आजीच्या कपाळावरचे गोंदण दिसते, गळ्यातली चांदीची हासली दिसते, लुगड्याचा काठ दिसतो. आपल्याकडे माणूस ओळखायला डोळे लागत नाहीत. चालण्यावरून आणि आवाजावरूनसुद्धा ओळखतात. यांतली एकेक गोष्ट वेगळी घेतली तर निरुपद्रवी आहे. वय, तालुका, स्थलांतर, भावाचा मृत्यू, गाडीची वेळ या पाच गोष्टी एकत्र आल्या की नाव लिहिण्याची गरज उरत नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या इतिहासाची सुरुवातच अशा एका रुग्णापासून होते, हे फारसे कुणी सांगत नाही. शिकागोतले डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी रुग्णाचे नाव दिले नव्हते. तो वीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण आहे, वेस्ट इंडिजमधल्या ग्रेनेडा बेटावर जन्मला आणि वाढला, अमेरिकेत येऊन त्याला तीन महिने झाले आहेत आणि शिकागोतल्या एका व्यावसायिक महाविद्यालयात तो शिकतो, एवढेच तपशील त्यांनी लिहिले. पुढे इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याच धाग्यांवरून माग काढला आणि तो वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता, हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९१६ मध्ये वारलेल्या माणसाला त्याचा त्रास झाला नाही. पण एका बेटाचे नाव, एक वय आणि एक महाविद्यालय एवढ्यावर, सात-आठ दशकांनंतर, परक्या माणसांना जे जमले ते आपल्याच गावातल्या माणसांना एका संध्याकाळी जमणार नाही, असे कसे मानावे?

मीही ही चूक केलेली आहे. काही वर्षांपूर्वी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या एका प्रशिक्षणात मी सिकलसेलच्या तपासणीचा अहवाल पडद्यावर दाखवला. नाव खोडले होते, गाव खोडले होते. कोपऱ्यातला शिबिराचा अनुक्रमांक मात्र राहून गेला. चहाच्या वेळी एक परिचारिका जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, तो नंबर माझ्याच हातचा आहे. पोरगी आमच्या उपकेंद्रातली." तिने ते चारचौघांत सांगितले नाही, हा तिचा मोठेपणा. माझ्या खोडरबरावर माझा जो विश्वास होता तो त्या दिवशी संपला.

वैद्यकीय परिषदेचे २००२ चे आचारनियम आजही लागू आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले, त्यांत समाजमाध्यमांविषयी स्वतंत्र मार्गदर्शनही होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि जुनेच पुन्हा लागू झाले. त्या जुन्या नियमांत म्हटले आहे की, रुग्णाची ओळख पटेल अशा रीतीने त्याचे छायाचित्र किंवा हकिगत त्याच्या परवानगीविना वैद्यकीय अथवा अन्य नियतकालिकात प्रसिद्ध करू नये. ओळख उघड होणार नसेल तर परवानगीची गरज नाही. नियम चांगला आहे, पण तो लिहिला गेला तेव्हा डोळ्यांसमोर नियतकालिक होते. नियतकालिकाचा वाचक दूरच्या शहरातला दुसरा डॉक्टर असे. रुग्णाची जाऊबाई तो अंक वाचत नसे. आज वाचक नेमकी तीच आहे. म्हणून 'ओळख पटेल का' हा प्रश्न कुणाच्या नजरेने विचारायचा हे आपण डॉक्टरांनीच ठरवायला हवे, आणि माझ्या मते तो शेजारणीच्या नजरेनेच विचारायला हवा.

सिकलसेलमध्ये हा प्रश्न इतर आजारांपेक्षा अधिक अवघड होतो, कारण हा आजार एकट्याचा नसतो. मुलगी एस एस आहे, म्हणजे तिला एक सदोष जनुक आईकडून आणि एक बापाकडून मिळाला आहे. दोघेही वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले, असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णपणे निर्दोष असण्याची २५ टक्के असते. आता उलट दिशेने वाचा. मुलगी रुग्ण आहे एवढे जाहीर होताच आई आणि बाप यांचीही तपासणी जणू चावडीवर वाचून दाखवली गेली. तिची निरोगी दिसणारी थोरली बहीण वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे, हेही त्यात आलेच. ती बहीण लग्नाची असेल तर होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजारात कुणीतरी कुणाच्या तरी कानाशी लागेल, आणि ज्या मुलीची तपासणी कधी झालीच नाही तिचे स्थळ मोडेल. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, वाहकाने कुणाशीही लग्न करावे, फक्त जोडीदाराची तपासणी आधी करून घ्यावी, हे आपण शिबिरांतून घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. आणि आपल्याच एका मजकुरामुळे त्या घराला उलटा अनुभव येतो. पुढच्या शिबिरात त्या पाड्यावरून कमी माणसे आली तर त्याचे कारण अंधश्रद्धेत शोधण्याआधी आपण आपले मजकूर पुन्हा वाचावेत.

यावर माझे सहकारी म्हणतात की, आम्ही संमती घेतो. संमतीविषयी माझी शंका दोन प्रकारची आहे. पहिली अशी की, जिच्या नातीला ज्या डॉक्टरने मध्यरात्री रक्त मिळवून दिले, त्या डॉक्टरला ती आजी 'फोटो काढू नका' असे कोणत्या तोंडाने म्हणेल? तिला उद्याही याच दवाखान्यात यायचे आहे. कागद मराठीत आहे, ती पावरी बोलते, आणि अंगठा जिथे उमटतो तिथे खाली काय लिहिले आहे हे तिला परिचारिका घाईत सांगते. दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. आजी संमती देईल ती फार तर स्वतःपुरती. मुलगी नऊ वर्षांची आहे. ती एकोणीस वर्षांची होईल तेव्हा तिला ही गोष्ट जगाला सांगायची असेल की नसेल, हे आज कुणालाच ठाऊक नाही. आईबाप ऊसतोडीवर आहेत आणि थोरल्या बहिणीला कुणी विचारलेलेच नाही. आनुवंशिक आजाराची गोष्ट सांगायला एका माणसाची संमती पुरत नाही, आणि सगळ्या घराची संमती घेण्याची सोय ओपीडीच्या टेबलावर नसते. म्हणून मी या निष्कर्षावर आलो आहे की, सिकलसेलविषयी लिहिणाऱ्या डॉक्टरने स्वतःच्या रुग्णाची हकिगत वापरूच नये. झाकूनही नाही, वय आणि गाव बदलूनही नाही.

गाव बदलण्याची युक्ती वरवर सोपी वाटते. पण मुलीचा मुलगा केला, धडगावचे नवापूर केले आणि गोष्ट 'सत्य घटना' म्हणून मांडली, तर आपण वाचकाशी खोटे बोललो. शिवाय नवापुरातल्या एखाद्या निरपराध मुलाकडे बोट वळवले. त्यापेक्षा सरळ रचलेले उदाहरण घ्यावे आणि पहिल्याच ओळीत तसे सांगावे. मी या लेखाची सुरुवात तशीच केली आहे. ती मुलगी खरी नाही हे कळल्यावर तिच्या आजाराचे तपशील वाचकाला कमी खरे वाटले का? मला तसे वाटत नाही.

आता दुसरी चूक. 'बरे व्हा' हे दोन शब्द डॉक्टरने उत्साहात लिहिले असतील, पण वाचणाऱ्याच्या मनात त्यांचा अर्थ आजार गेला असाच होतो. सिकलसेलच्या बाबतीत असा समज का तयार होतो हे पाहण्यासारखे आहे, कारण इथे डॉक्टर स्वतःसुद्धा फसू शकतो.

त्याच काल्पनिक मुलीचे उदाहरण पुढे नेऊ. रक्त देण्याआधी तिच्या रक्ताची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी चाचणी केली असती तर प्रौढांमधले नेहमीचे हिमोग्लोबिन, म्हणजे ए, शून्य आले असते. सिकलसेलचे सदोष हिमोग्लोबिन, म्हणजे एस, समजा ८० टक्के आणि लहान बाळांत असते ते एफ १८ टक्के. मग तिला दोन पिशव्या रक्त दिले आणि हिमोग्लोबिन ५ वरून १० वर गेले. आता तिच्या अंगातले निम्मे रक्त दुसऱ्याचे आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी केली, तर ए जवळजवळ ५० टक्के, एस ४० आणि एफ ९ येईल. हे आकडे ओळखीचे आहेत, कारण वाहकाच्या अहवालातही ए जास्त आणि एस कमी असते. रक्त दिल्याची नोंद शेजारी नसेल, तर प्रयोगशाळेतला माणूस 'वाहक' असा शेरा मारू शकतो. मधल्या पंधरा दिवसांत तिला कुणी मुळी उगाळून दिली असेल, काढा दिला असेल किंवा एखादे महागडे टॉनिक दिले असेल, तर दोन अहवाल शेजारी ठेवून 'आधी रुग्ण, आता फक्त वाहक' असे छायाचित्र तयार होते. अहवाल खोटे नसतात, शिक्काही खरा असतो, दावा मात्र पूर्णपणे खोटा असतो. दात्याच्या तांबड्या पेशी जास्तीत जास्त १२० दिवस टिकतात. पुढचे रक्त दिले नाही तर तीन-चार महिन्यांत ए जवळजवळ नाहीसे होते आणि अहवाल पुन्हा पहिल्यासारखा येतो. पण तोवर ते छायाचित्र शंभर मोबाइलवर गेलेले असते आणि तो चौथा महिना कुणी दाखवत नाही. म्हणूनच रक्त दिल्यानंतर किमान तीन महिने थांबून ही चाचणी करावी असे सांगितले जाते.

वेदनेच्या बाबतीतही असेच होते. सिकलसेलची कळ बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप ओसरते, आणि दोन कळांमधले अंतर कधी तीन आठवड्यांचे तर कधी आठ महिन्यांचे असते. माणूस उपचाराकडे वळतो तो कळ सर्वांत तीव्र असताना. म्हणजे त्यानंतर जे काही दिले त्याच्यापाठोपाठ आराम येणारच. 'आमच्या औषधाने तीन महिने एकदाही दुखले नाही' या वाक्याला त्याआधीच्या पूर्ण वर्षाची नोंद जोडल्याशिवाय काहीच किंमत नाही, मग ते भगताने म्हटलेले असो वा एमडी पदवीधराने. २००२ च्या त्याच नियमांत डॉक्टरने आपल्या रुग्णांची, शस्त्रक्रियांची किंवा बरे केल्याची बढाई मारू नये असेही म्हटले आहे. त्यामागे केवळ सभ्यतेचा आग्रह नाही. एक हसरे छायाचित्र हा पुरावा नसतो आणि सामान्य वाचकाला तो पुरावा वाटतो, हे नियम करणाऱ्यांनी ओळखले होते असे मी मानतो.

मात्र याच्या उलट टोकाला जाऊन 'सिकलसेल कधीच बरा होत नाही' असे लिहिणेही चूक आहे. जुळणाऱ्या भावंडाच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण यशस्वी झाले तर आजार खरोखर जातो, विशेषतः लहान वयात. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता मात्र चारात एक. शिवाय ते भावंड स्वतः रुग्ण नसले पाहिजे, प्रत्यारोपणात जिवाला धोका असतो, आणि त्यासाठी मोठ्या शहरात महिनोन्महिने राहावे लागते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली, पण त्यांची किंमत पाहता अक्कलकुव्याच्या वाचकाला आज त्यांचा काही उपयोग नाही. हे सगळे एका परिच्छेदात सांगता येते आणि सांगायला हवे. नाहीतर त्या मोकळ्या जागेत कुणीतरी स्वतःची बाटली आणून ठेवतो.

ज्या औषधावर आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांचे जगणे सुसह्य होते त्या हायड्रॉक्सियुरियाविषयी किती दावा करावा? अमेरिकेतल्या २९९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हे औषध न घेणाऱ्यांना वर्षाला साधारण साडेचार वेळा कळा आल्या आणि घेणाऱ्यांना अडीच वेळा. माझ्या दृष्टीने एवढे वाक्य पुरेसे आशादायक आहे. कळा थांबल्या नाहीत, कमी झाल्या. ते रुग्ण तीव्र आजाराचे होते आणि दुसऱ्या वंशाचे होते. आपल्याकडच्या रुग्णांत एफ हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते, म्हणून तेच आकडे इथे जसेच्या तसे लागू होतील असे म्हणता येणार नाही, हेही लिहावे. 'चमत्कार', 'रामबाण', 'शंभर टक्के' हे शब्द गाळले म्हणून मजकूर निस्तेज होत नाही.

तर तोच मजकूर मी असा लिहीन:

"ही गोष्ट काल्पनिक आहे, आमच्या कोणत्याही रुग्णाची नाही. समजा, सिकलसेल असलेल्या एका मुलीला थंडीत हातपाय दुखू लागले. घरच्यांनी तिला उबदार ठेवले, भरपूर पाणी पाजले, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी दिली. इतपत घरी करता येते. पण ताप १०१ अंशांच्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, एक हात-पाय लुळा पडला, किंवा मूल एकाएकी पांढरेफटक पडून पोटाच्या डाव्या बाजूला फुगवटा आला, तर सकाळची वाट पाहू नये. दवाखान्यात तिला रक्त दिले तर ती सावरेल, पण आजार राहील. हायड्रॉक्सियुरिया रोज घेतले तर पुढच्या कळा कमी होण्याची चांगली शक्यता आहे. परिणाम दिसायला काही महिने लागतात, मधूनमधून रक्त तपासावे लागते, आणि औषध सोडले की फायदा ओसरतो."

हेच पावरीत आणि भिलोरीत आवाजात सांगावे. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर अहिराणीत आणि गुजरीत सांगावे. आवाज डॉक्टरचा, आशाताईचा किंवा परिचारिकेचा असावा. छायाचित्रच हवे असेल तर डाव्या फासळीखाली प्लीहा कुठे लागते हे स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवावे, किंवा मुले मातीत काढतात तशी विळ्याच्या आकाराची पेशी काढून दाखवावी.

अशा मजकुराला तितके वाचक मिळत नाहीत, हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. रडणाऱ्या आजीचे छायाचित्र अधिक दूर जाते, हे खरे आहे. पण ते दूर जाऊन नेमके काय पोहोचवते, याचा विचार केला की माझे मत बदलत नाही. त्या पहिल्या मजकुरात कोणत्या लक्षणाला घाई करावी हे एकदाही आलेले नव्हते. वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो तो दवाखाना. म्हणजे मुलीच्या घराने आपली गुप्तता दिली आणि तिच्या बदल्यात दुसऱ्या आजीला उपयोगी पडेल असे काहीच मिळाले नाही.

काही रुग्ण स्वतःहून बोलतात. सिकलसेल असलेले तरुण-तरुणी आपल्या नावानिशी, आपल्या भाषेत, आपल्या कळांविषयी सांगतात, आणि ते ऐकताना लोकांच्या मनातली भीती जशी कमी होते तशी माझ्या कोणत्याही व्याख्यानाने होणार नाही. तो त्यांचा अधिकार आहे; काय सांगायचे, काय राखून ठेवायचे आणि कधी थांबायचे हे त्यांच्या हाती असते. अशा एखाद्या तरुणाने मला विचारले तर त्याच्या बोलण्यातली वैद्यकीय बाजू मी तपासून देतो, आणि घरातल्या कुणाकुणाला तू विचारले आहेस, हे त्याला विचारतो. त्याच्या चित्रफितीखाली मात्र 'हा आमच्याकडेच उपचार घेतो' असे मी लिहीत नाही. कुणी थेट विचारले तरी, तो माझा रुग्ण आहे किंवा नाही, यांतले काहीच सांगत नाही.